नकाशाचे रंग ते परीक्षेचं वेळापत्रक: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी: नकाशा आणि शेजाऱ्यांची यादी

काम परीक्षेच्या वेळापत्रकाचं आहे. तरी सुरुवात नकाशापासून केली, कारण नकाशात चूक झाली तर ती डोळ्यांना लगेच दिसते, वेळापत्रकात मात्र परीक्षेच्या दिवशीच कळते. दक्षिण अमेरिकेचा नकाशा निवडला. त्यात १२ देश आणि फ्रेंच गयाना असे १३ भूभाग येतात. नियम एकच: सीमेला सीमा लागत असेल तर दोघांचे रंग वेगळे हवेत. दोन भूभाग नुसते एका बिंदूत टेकत असतील तर ते शेजारी धरायचे नाहीत.

रंगपेटी उघडण्याआधी प्रत्येक भूभागापुढे त्याच्या शेजाऱ्यांची नावं लिहून काढली. ब्राझीलला १० शेजारी आहेत. चिली आणि इक्वेडोर सोडले तर खंडातले सगळे त्याला लागून आहेत. अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू यांना प्रत्येकी ५, कोलंबियाला ४, उरलेल्यांना ३ किंवा २. यादी बरोबर आहे का हे तपासायची सोपी खूण आहे. सगळ्या शेजारी-संख्यांची बेरीज ५० येते, आणि प्रत्येक सीमा दोन्हीकडून मोजली जात असल्यामुळे सीमा २५. बेरीज विषम आली तर कुठेतरी एक सीमा एकाच बाजूने लिहिली गेली आहे हे नक्की.

यादी तयार झाली की नकाशाची गरज संपते. पुढचं सगळं काम यादीवरच चालतं, आणि म्हणूनच ही युक्ती परीक्षांना लागू पडते.

५ जानेवारी: पाचवा रंग का लागला

कडांकडून आत येत रंगवायचं असं ठरवलं. मोठा ब्राझील शेवटी ठेवला. रंगांना १, २, ३ असे क्रमांक दिले, आणि प्रत्येक देशाला शेजाऱ्यांनी न वापरलेला सर्वांत लहान क्रमांक द्यायचा असं ठरलं. अडचणीशी संबंध असलेल्या आठ देशांचे क्रम आणि रंग असे पडले:

चिली १, अर्जेंटिना २, बोलिव्हिया ३, पॅराग्वे १, इक्वेडोर १, कोलंबिया २, पेरू ४, ब्राझील ५.

पेरू अडला कारण इक्वेडोरने १, कोलंबियाने २ आणि बोलिव्हियाने ३ घेऊन ठेवले होते. मग ब्राझीलची पाळी आली तेव्हा त्याच्याभोवती १, २, ३, ४ हे चारही रंग बसलेले होते. सपाट नकाशाला चार रंग पुरतात, हे अपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी १९७६ साली संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं आहे. पण चार रंग पुरतात हे माहीत असलं तरी ते कसे द्यायचे हे आपोआप सापडत नाही. इथे रंग कमी पडले नव्हते, क्रम वाईट होता.

दुरुस्ती करताना सगळं पुसायची गरज पडली नाही. कोलंबियाला २ ऐवजी ३ दिला, कारण त्याच्या शेजाऱ्यांपैकी कुणाकडेच ३ नाही. त्यामुळे पेरूला २ मोकळा झाला, पेरूने ४ सोडला आणि तो ४ ब्राझीलला मिळाला. तीन बदलांत पाचवा रंग गेला.

६ जानेवारी: जास्त शेजारी असलेला आधी

तोच नकाशा आता शेजारी-संख्येच्या उतरत्या क्रमाने घेतला. एक रंग हातात घ्यायचा, यादीतल्या पहिल्या मोकळ्या देशाला द्यायचा, मग यादी खाली वाचत जायचं आणि या रंगाच्या कुणाशीही सीमा न लागणाऱ्या प्रत्येकाला तोच रंग द्यायचा. यादी संपली की पुढचा रंग. १९६७ साली वेल्श आणि पॉवेल यांनी ही पद्धत मांडली तीही वेळापत्रकाचा प्रश्न समोर ठेवूनच.

निकाल असा आला:

पहिला रंग: ब्राझील, चिली, इक्वेडोर
दुसरा: अर्जेंटिना, पेरू, व्हेनेझुएला, सुरिनाम
तिसरा: बोलिव्हिया, कोलंबिया, गयाना, फ्रेंच गयाना, उरुग्वे
चौथा: एकटा पॅराग्वे

एका पॅराग्वेसाठी अख्खा रंग खर्च झाला म्हणून तीन रंगांत बसवायची खटपट करण्यात अर्थ नाही. ब्राझील, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पॅराग्वे हे चौघं एकमेकांना लागून आहेत, कुठलीही जोडी घेतली तरी सीमा आहेच. त्यांना चार वेगळे रंग लागणारच. अशी चौकडी सापडली की खालची मर्यादा हाती येते, आणि ती आपल्या उत्तराशी जुळली की थांबायचं. परीक्षांच्या कामात ही सवय सगळ्यांत जास्त वेळ वाचवते.

फ्रेंच गयानाबद्दल एक गोष्ट टिपून ठेवली. तो फ्रान्सचाच भाग आहे. जगाच्या नकाशावर दोघांना एकच रंग हवा अशी अट घातली तर चार रंगांची हमी उरत नाही, कारण ती हमी प्रत्येक भूभाग एकसंध असताना आहे. परीक्षेत याचं जुळं रूप म्हणजे दोन अभ्यासक्रमांना एकच प्रश्नपत्रिका असणं. तिथे दोन पेपर वेगळे न ठेवता यादीत आधीच एक करून टाकायचे.

१० जानेवारी: देशाच्या जागी पेपर

आता खरं काम. देशाच्या जागी पेपर, सीमेच्या जागी टक्कर म्हणजे दोन्ही पेपर देणारा निदान एक विद्यार्थी, रंगाच्या जागी सत्र. एका रंगाचे सगळे पेपर एकाच वेळी होतील.

सगळ्यांना सक्तीचा असलेला भाषेचा पेपर आधीच बाजूला काढला. त्याची टक्कर सगळ्यांशीच आहे, म्हणून त्याला स्वतंत्र सत्र लागणार आणि बाकीच्या मांडणीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. उरले १० पेपर आणि ११५ विद्यार्थी, प्रत्येकाचे ४ पेपर. निवडी पाच प्रकारच्या निघाल्या:

क गट, ३४ जण: गणित, भौतिकी, रसायन, संगणक
ख गट, २१ जण: भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, भूगोल
ग गट, २७ जण: गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संगणक
घ गट, ३० जण: अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास, मानसशास्त्र
च गट, ३ जण: जीवशास्त्र, रसायन, मानसशास्त्र, संख्याशास्त्र

शाखेवरून टकरी ठरवण्याचा मोह होतो: विज्ञानाचे पेपर एकमेकांशी टकरणार, कलेचे एकमेकांशी, आणि दोन्हींची गाठ पडणार नाही. तसं धरलं असतं तर च गटातले तिघं यादीत आलेच नसते. टक्कर विद्यार्थ्याच्या नोंदणीवरूनच काढायची, अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावरून नाही.

११ जानेवारी: नोंदणीची फाइल

फाइलच्या प्रत्येक ओळीत विद्यार्थी क्रमांक आणि पेपरचा संकेतांक. टकरी मोजायचा कोड एवढाच:

```python
from itertools import combinations
from collections import Counter, defaultdict

papers = defaultdict(set)
nbr = {}
for line in open("nondani.csv", encoding="utf-8-sig"):
    sid, p = line.split(",")
    p = p.strip().upper()
    papers[sid.strip()].add(p)
    nbr.setdefault(p, set())


clash = Counter()
for ps in papers.values():
    for a, b in combinations(sorted(ps), 2):
        clash[a, b] += 1
        nbr[a].add(b)
        nbr[b].add(a)
```

`strip` आणि `upper` नसतील तर `MTH` आणि `mth ` हे दोन वेगळे पेपर होतात. त्यातून होणारं नुकसान दिसत नाही: गणिताच्या टकरी दोन नावांत विभागल्या जातात आणि गणिताच्याच काही विद्यार्थ्यांचे दोन पेपर एका सत्रात येऊ शकतात, तरी कोड कुठेही तक्रार करत नाही. `utf-8-sig` याचसाठी की स्प्रेडशीटमधून काढलेल्या फाइलच्या अगदी सुरुवातीला कधी कधी एक अदृश्य चिन्ह असतं, आणि ते पहिल्या विद्यार्थ्याच्या क्रमांकाला चिकटतं. मग तो एकच विद्यार्थी दोन माणसं बनतो आणि त्याच्या टकरी हरवतात. `nbr` मध्ये सगळे पेपर आधीच भरून ठेवले, नाहीतर ज्या पेपराची कुणाशीच टक्कर नाही तो वेळापत्रकातूनच गायब होतो.

फाइल शुद्ध आहे की नाही हे दोन आकड्यांवरून कळतं. प्रत्येक विद्यार्थ्याचे पेपर बरोबर ४ हवेत, आणि एकूण नोंदी ११५ गुणिले ४ म्हणजे ४६० हव्यात. पेपरांची यादी छापून तीही एकदा डोळ्यांखालून घातली. १० ऐवजी ११ नावं दिसली तर संकेतांकांत गडबड आहे.

टकरणाऱ्या जोड्या २७ निघाल्या. एकूण जोड्या ४५ होऊ शकतात, म्हणजे निम्म्याहून जास्त जोड्यांत टक्कर आहे. सर्वांत गुंतलेलं रसायन, ७ टकरी. सर्वांत मोकळा इतिहास, ३.

१२ जानेवारी: सत्रं पाडली

```python
left = sorted(nbr, key=lambda p: -len(nbr[p]))
slots = []
while left:
    slot = []
    for p in left:
        if not any(q in nbr[p] for q in slot):
            slot.append(p)
    slots.append(slot)
    left = [p for p in left if p not in slot]
```

टकरी सारख्या असतील तर कोण आधी हे फाइलमधल्या क्रमावर ठरतं, त्यामुळे फाइल हलवली की उत्तरही बदलू शकतं. इथे क्रम रसायन, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, गणित, भौतिकी, जीवशास्त्र, संगणक, इतिहास असा होता. उत्तर:

सत्र १: रसायन, अर्थशास्त्र (११५ जागा)
सत्र २: संख्याशास्त्र, भूगोल (८१)
सत्र ३: मानसशास्त्र, गणित (९४)
सत्र ४: भौतिकी, इतिहास (८५)
सत्र ५: जीवशास्त्र, संगणक (८५)

सभागृहात १२० जागा आहेत, त्यामुळे सगळं बसतं. रंग देताना जागांचा विचार होत नाही, तो आपणच करावा लागतो. जागा १०० असत्या तर रसायन आणि अर्थशास्त्र यांच्यात एकही समाईक विद्यार्थी नसूनही त्यांना टकरणारे धरावं लागलं असतं, कारण ५८ आणि ५७ मिळून ११५ होतात. असे जोड जमेस धरले की गणित, संगणक, रसायन, अर्थशास्त्र, भौतिकी आणि भूगोल यांच्यातल्या कुठल्याच दोघांना एकत्र बसवता येत नाही, आणि सत्रं निदान ६ लागतात.

१३ जानेवारी: चार सत्रांत का बसत नाही

प्रत्येकाचे चारच पेपर, मग पाच सत्रं कशाला, हा प्रश्न येणारच होता. एकमेकांशी टकरणारे पाच पेपर शोधून पाहिले. तसे पाच सापडत नाहीत. नकाशावर चौकडीने उत्तर दिलं होतं, इथे मात्र खालची मर्यादा ४ वरच अडकते आणि वरून उत्तर ५ येतं. मधली फट हातानेच मिटवावी लागली.

रसायनाला सत्र १ देऊ. गणित, संगणक आणि संख्याशास्त्र हे तिघं आपसात आणि रसायनाशीही टकरतात, म्हणून त्यांना अनुक्रमे २, ३ आणि ४ देऊ. भौतिकीची टक्कर गणित, संगणक आणि रसायन या तिघांशी आहे, म्हणून चार सत्रांत तिला फक्त ४ उरतं. आता जीवशास्त्र आणि भूगोल हे दोन्ही रसायन आणि भौतिकीशी टकरतात, म्हणून दोघांनाही १ आणि ४ बंद. मानसशास्त्र रसायन आणि संख्याशास्त्राशी टकरतं, म्हणून त्यालाही १ आणि ४ बंद. तिघांना मिळून फक्त २ आणि ३ उरली, आणि हे तिघं आपसातही टकरतात. तीन पेपर, दोन सत्रं. म्हणून चारात बसत नाही.

या साखळीत चार टकरी निर्णायक आहेत: रसायन–संख्याशास्त्र, जीवशास्त्र–मानसशास्त्र, रसायन–मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र–मानसशास्त्र. या सगळ्या एकट्या च गटातून येतात. म्हणजे पाचवं सत्र तीन विद्यार्थ्यांमुळे लागतं. `clash` मध्ये ३ किंवा त्याहून लहान आकडे असलेल्या जोड्या वेगळ्या छापल्या तर हे लगेच दिसतं, आणि तिथेच आधी नोंदणी खरी आहे का हेही तपासायचं. या तिघांची खरी होती.

फक्त जीवशास्त्र–मानसशास्त्र ही एक टक्कर सोडली तर चार सत्रं पुरतात: रसायन व अर्थशास्त्र; गणित, जीवशास्त्र व मानसशास्त्र; संगणक व भूगोल; संख्याशास्त्र, भौतिकी व इतिहास. तसं करायचं तर त्या तिघांनी एक पेपर ठरल्या वेळी द्यायचा, दुसरा पर्यवेक्षकाच्या नजरेखाली राहून लगेच त्यानंतर. आम्ही ते केलं नाही. तीन तासांचे दोन पेपर पाठोपाठ तिघांवर लादून बाकीच्यांचं एक सत्र वाचवणं आम्हाला न्याय्य वाटलं नाही. शिवाय पाचव्या सत्राने मांडणीत जी सैल जागा राहते ती पुढे लागतेच.

१५ जानेवारी: सत्रांना दिवस

सत्रांचे क्रमांक ही नुसती नावं आहेत, ती हवी तशी हलवता येतात. तीन दिवस मिळाले, दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं. म्हणजे एक सत्र एकटं राहणार. ते कोणतं?

प्रत्येक विद्यार्थी पाचपैकी बरोबर एका सत्राला नसतो. सत्र १ ला मात्र सगळे ११५ असतात. तेच एकटं ठेवलं तर उरलेल्या चार सत्रांच्या जोड्या कशाही लावल्या तरी एका दिवशी दोन पेपर येण्याचे प्रसंग एकूण ११५ राहतात, म्हणजे सरासरी माणशी एक. सत्र २ एकटं ठेवलं असतं तर ते १४९ झाले असते. सर्वांत भरलेलं सत्र एकटं, एवढाच नियम लावला.

१७ जानेवारी: एक पेपर हलवायचा

मानसशास्त्राचा पेपर सत्र ३ ऐवजी ४ मध्ये मागितला गेला. नुसता उचलून ठेवता येत नाही, कारण सत्र ४ मध्ये इतिहास आहे आणि दोन्ही पेपर घ गटाचे. इथे साखळी धरायची: सत्र ३ आणि ४ मधले पेपर तेवढे पाहायचे, हलवायच्या पेपरापासून टकरींवरून जिथवर जाता येतं तिथवर जायचं, आणि हाती आलेल्या सगळ्यांची सत्रं अदलाबदल करायची. मानसशास्त्रापासून इतिहासावर जाता येतं, पुढे कुठेच नाही. गणित आणि भौतिकी आपसात टकरतात, पण ती वेगळी साखळी आहे. म्हणून फक्त मानसशास्त्र आणि इतिहास यांची अदलाबदल. सत्र ३ मध्ये गणित व इतिहास, ९१ जागा. सत्र ४ मध्ये भौतिकी व मानसशास्त्र, ८८.

ही अदलाबदल केम्पने १८७९ साली चार रंगांच्या त्याच्या सिद्धतेत वापरली होती. त्याने दोन साखळ्या एकाच वेळी उलटवल्या, आणि पहिली उलटवल्यावर दुसरी तशीच राहील असं धरलं. ते खरं नाही हे १८९० साली हीवुडने दाखवलं. वेळापत्रकातही तोच धोका आहे. एक साखळी उलटवली की दुसरी नव्याने काढायची, आधी काढून ठेवलेली वापरायची नाही.

२१ जानेवारी: उशिरा आलेली नोंदणी

वेळापत्रक लागल्यावर एक विद्यार्थी वाढला: गणित, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल. नव्या टकरी दोन, गणित–इतिहास आणि गणित–भूगोल. दुसरी निरुपद्रवी आहे, कारण ते आधीच वेगळ्या सत्रांत होते. पहिली मात्र थेट सत्र ३ मध्ये आदळते.

मागची अदलाबदल उलटवली तर काम होतं, जागाही नीट वाटल्या जातात, पण लागलेल्या वेळापत्रकातले दोन पेपर हलतात. त्यापेक्षा इतिहास एकटा सत्र ५ मध्ये टाकला. त्याची जीवशास्त्राशीही टक्कर नाही आणि संगणकाशीही नाही. तिथे जागा २४, ६१ आणि ३१ मिळून ११६ होतात, १२० मध्ये बसतात. सत्र ३ मध्ये गणित एकटं उरलं. हे दिसायला ओबडधोबड आहे, पण बदलाची सूचना एकाच पेपराच्या ३१ जणांना द्यावी लागली.

शेवटची तपासणी `clash` वरून करायची नाही, कारण टकरींची यादीच चुकली असेल तर तपासणीही तीच चूक परत करेल. मूळ नोंदणी फाइल नव्याने वाचून प्रत्येक विद्यार्थ्याच्या चार पेपरांची सत्रं चार वेगळी आहेत का हे पाहिलं, आणि सत्रांच्या जागांची बेरीज ११६ गुणिले ४ म्हणजे ४६४ येते का हेही. ११६, ८२, ६२, ८८, ११६. बरोबर आली.